पंचेचाळीसला नोकरी सोडायची: बायकोला लिहिलेलं पत्र आणि त्यावरचं लाल पेन

आजच्या भागात पाहुणा नाही, मीच आहे. आणि आज मी एक पत्र वाचून दाखवणार आहे. बायकोला लिहिलेलं. घाबरू नका, तिची परवानगी घेतलीय. अट एकच होती, नाव घ्यायचं नाही. त्यामुळे पत्रात ‘प्रिय’च्या पुढे मोकळी जागा आहे, ती तशीच ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी २९ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. ती माझ्याहून दीड वर्षाने लहान, एका फार्मा कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल अजून नाही. भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. माझे आईबाबा कराडला असतात.

पत्र का लिहिलं? कारण बोलून दोनदा भांडण झालं होतं. मी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून ‘हे बघ, आपण ४५ ला रिटायर होऊ शकतो’ म्हणायचो, आणि तिला सकाळी सहाची शिफ्ट असायची. तिसऱ्या वेळी मी तोंड बंद ठेवलं आणि दोन पानं लिहून डब्याच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळी ती पानं परत आली, लाल पेनाने रंगवून. क्वालिटीवाल्यांची सवय, डॉक्युमेंट आलं की शेरे मारायचेच. तर आज पत्र वाचतो, तिचे शेरे वाचतो, आणि मध्ये मध्ये हिशोब समजावतो.

> प्रिय ____,
>
> मला कामाचा कंटाळा आलाय असं नाही. पण रिलीजच्या रात्री जागून झाल्यावर मला नेहमी वाटतं की हे मी साठाव्या वर्षापर्यंत करू शकणार नाही, आणि कदाचित कोणी करूही देणार नाही. आमच्या टीममध्ये पन्नाशीचे किती जण आहेत, मोजून बघ, असं मीच मला म्हटलं. एकही नाही. म्हणून मला वाटतं, नोकरी आपल्याला सोडण्याआधी आपण तिला सोडायच्या तयारीत असावं. वय ४५. आपल्या हातात १६ वर्षं आहेत.
>
> हिशोब सोपा आहे. रिटायर झाल्यावर आपण कराडला राहू, घर आहेच. महिन्याला ३८ हजारांत आरामात भागेल. वर्षाचे साडेचार लाख. त्याच्या २५ पट, म्हणजे १ कोटी १४ लाख. एवढे जमले की झालं.

इथे पहिला लाल शेरा. ‘कराडला राहू’ याखाली रेघ, आणि बाजूला: ‘कोण राहू? पंचेचाळिसाव्या वर्षी तुझ्या आईबाबांच्या घरी राहायला जायचं हा प्लॅन तुझा आहे, आपला नाही. मला विचारलंस?’

नव्हतं विचारलं. खरं सांगतो, माझ्या डोक्यात ते इतकं गृहीत होतं की विचारायचं असतं हेच सुचलं नाही. तिच्या सगळ्या मैत्रिणी पुण्यात, तिची आई चिंचवडला एकटी राहते. कराडचं घर हा माझा दिलासा होता आणि तो मी तिच्या नावावर खर्ची घातला होता.

दुसरा शेरा ३८ हजारांवर: ‘हा आकडा कुठून आला?’ उत्तर लाजिरवाणं आहे. अंदाजाने. मला वाटायचं, आत्ताही आपला खर्च ४५-५० हजार असेल, तर गावी ३८ पुरतील. मग आम्ही मोजलं.

खर्च मोजायची माझी आधीची पद्धत म्हणजे ॲपमध्ये रोज नोंद करायची. ती नऊ दिवस टिकते. ज्या पद्धतीने खरंच आकडा मिळाला ती उलटी आहे. रोजचे चहा-वडापाव मोजायचेच नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या खात्यांत मिळून किती होते, वर्षभरात हातात पगार किती आला, गुंतवणुकीत किती टाकले, आईबाबांना किती पाठवले, आणि वर्षाच्या शेवटी खात्यांत किती उरले. सुरुवातीची शिल्लक अधिक पगार, वजा गुंतवणूक, वजा घरी पाठवलेले, वजा शेवटची शिल्लक. जे राहतं तो तुमचा खर्च. त्याला पळायला जागा नसते. बारा महिन्यांचं स्टेटमेंट घ्यायचं, तीन महिन्यांचं नाही. कारण गाडीचा विमा, दिवाळी, लग्नांतले आहेर, एक ट्रिप, फ्रिजचा कॉम्प्रेसर हे सगळं ‘या महिन्यात जरा जास्त झालं’ म्हणून आपण विसरतो, आणि दर वर्षी ते होतंच.

आमचा आकडा निघाला महिन्याला ७१ हजार. त्यात २४ हजार भाडं. मी ४८ समजत होतो. तेवीस हजारांचा फरक, तोही स्वतःच्याच घरातला!

मग बसून ठरवलं की नोकरी नसताना, पुण्यातच, भाड्याच्या घरात, आजच्या किमतीत किती लागतील. ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च कमी, थकून रोज बाहेरून मागवणं कमी, पण आरोग्य विम्याचे पैसे जास्त. आकडा आला ६० हजार. वर्षाचे ७ लाख २० हजार.

तिसरा शेरा ‘२५ पट’वर: ‘हे कुणी ठरवलं? आणि मी ९० वर्षं जगले तर?’

मंडळी, या शेऱ्यावर जरा थांबू, कारण रील्समध्ये जो ‘२५ पट’ किंवा ‘४ टक्के नियम’ फिरतो तो इथेच अडकतो. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली एक अभ्यास छापला. त्याने अमेरिकेतले शेअर आणि रोखे यांचे जुने आकडे घेऊन पाहिलं की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले, आणि पुढे दर वर्षी महागाईइतके वाढवत गेलो, तर पैसे किती वर्षं पुरतात. ४ टक्के म्हणजेच २५ पट. उत्तर असं आलं की त्या इतिहासातल्या वाईटात वाईट काळातही तीस वर्षं पुरले. तीस वर्षं! म्हणजे साधारण पासष्टीला रिटायर होणाऱ्या माणसाचा तो हिशोब. अमेरिकेच्या बाजाराचा, अमेरिकेच्या महागाईचा. आम्हाला पंचेचाळीसला थांबायचंय. माझी आजी ९१ ची आहे आणि अजून स्वतः भाजी निवडते.

आपण आपला साधा हिशोब करू. समजा रिटायर झाल्यावर जमा पैशांवर, महागाई आणि कर वजा जाता, २ टक्के खरी वाढ मिळते. मी मुद्दाम कमी धरलंय, कारण तेव्हा बराच पैसा एफडीसारख्या ठिकाणी असेल. अशा वेळी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम ३४ वर्षं पुरते. म्हणजे मी ७९ चा होईन तेव्हा खातं रिकामं. ३३ पट असेल तर साधारण ५२ वर्षं, म्हणजे माझ्या ९७ व्या वर्षापर्यंत. आणि हा पैसा माझ्या आयुष्याला नाही, तिच्या आयुष्याला पुरायला हवा. ती लहान आहे. माझ्यानंतर उरलेली वर्षं तिची असतील, आणि त्या वयात कुणी तिला नोकरी देणार नाही. मी पत्रात एवढं सगळं लिहिलं होतं पण हे एक वाक्य नव्हतं.

तर ७ लाख २० हजार गुणिले ३३. होतात २ कोटी ३८ लाख, आजच्या रुपयांत. माझ्या १ कोटी १४ लाखांच्या दुपटीहून जास्त. एका लाल पेनाने सव्वा कोटी वाढले.

‘आजच्या रुपयांत’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. ६ टक्के महागाई धरली तर १६ वर्षांनी प्रत्येक गोष्ट अडीच पट महाग असेल, म्हणजे प्रत्यक्षात खात्यात ६ कोटी दिसायला हवेत. पण ६ कोटी ऐकलं की माणूस एकतर हसतो किंवा झोपतो. म्हणून मी सगळं आजच्या किमतीत ठेवतो आणि परताव्यातून महागाई आधीच वजा करतो. नोकरीत असताना शेअर फंड जास्त, त्यामुळे परतावा १० टक्के, महागाई ६, खरी वाढ साधारण ४. मात्र याची एक किंमत आहे. आज महिन्याला जेवढे टाकताय तेवढेच कायम टाकून चालत नाही. दर वर्षी एसआयपी ६ टक्क्यांनी वाढवायची. ती नाही वाढवली तर शीटमधला आकडा खोटा.

आमच्याकडे आज पीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून १४ लाख आहेत. शीटमध्ये एका ओळीत उत्तर मिळतं. सगळे आकडे लाखांत:

```
=FV(0.04, 16, -9.7, -14)
```

०.०४ म्हणजे खरी वाढ, १६ वर्षं, दर वर्षी ९.७ लाख, आणि आत्ताचे १४ लाख. रकमा वजा चिन्हाने, कारण त्या आपल्या खिशातून जातात. उत्तर येतं २३७.९, म्हणजे आपले २ कोटी ३८ लाख. ९.७ लाख म्हणजे महिन्याला साधारण ८१ हजार.

आमचे दोघांचे मिळून हातात येतात १ लाख ६५ हजार. ७१ खर्च, १० कराडला. उरतात ८४. त्यात दोघांच्या पीएफमध्ये, कंपनीचा वाटा धरून, १४ हजार जातात. एकूण ९८. लागतात ८१. मी आनंदाने पुढचा परिच्छेद लिहिला होता:

> म्हणजे आपण ४५ ला सहज थांबू शकतो, वर थोडे उरतीलच. फक्त आपण दोघांनी न थांबता काम करत राहायचं आणि खर्च आटोक्यात ठेवायचा.

‘न थांबता’ या शब्दाभोवती लाल गोल. शेजारी फक्त एक शब्द: ‘मूल?’

हा शेरा वाचून मी बराच वेळ गप्प होतो. आम्हाला दोघांनाही मूल हवंय, दोन-तीन वर्षांत. आणि मी सोळा वर्षांच्या शीटमध्ये तिच्या पगाराची एकही ओळ रिकामी ठेवली नव्हती. मातृत्व रजा पगारी असते, २६ आठवडे. ती म्हणाली, ‘पण मला त्यानंतर वर्षभर घरी राहायचंय. हे मी आधीही बोलले होते.’ बोलली होती. मीच शीटमध्ये घातलं नव्हतं, कारण घातल्यावर उत्तर बिघडत होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला टेस्ट केस वगळणं म्हणतो, आणि ज्युनिअरने केलं तर मी ओरडतो.

मग तिने लॅपटॉप ओढून घेतला आणि तीन बदल केले. मुलाचा खर्च महिन्याला २० हजार, म्हणजे शिल्लक ९८ वरून ७८ हजारांवर. एक वर्ष तिचा पगार नाही, तेवढी कपात. आणि मुलाच्या शिक्षणाचे २५ लाख वेगळे ठेवायचे, रिटायरमेंटच्या डब्यात हात घालायचा नाही. आता ४५ ला, शिक्षणाचे बाजूला काढून, उरतात साधारण १ कोटी ९४ लाख. वर्षाच्या खर्चाच्या जेमतेम २७ पट. ३३ पट गाठायला ४८ वं वर्ष उजाडतं.

मी हिरमुसलो. तीन वर्षं म्हटलं तर काय, पण ४५ हा आकडा मनात इतका बसला होता. तेव्हा तिने जी गोष्ट सुचवली ती माझ्या पत्रात नव्हती. म्हणाली, ‘तुला काम सोडायचंय की रात्रीचे रिलीज सोडायचेत?’ म्हणजे असं: ४५ ला पूर्ण वेळची नोकरी सोडायची. पुढची तीन वर्षं दोघांनी मिळून फक्त घरखर्चापुरतं कमवायचं, आजच्या किमतीत ६० हजार, म्हणजे प्रत्येकी तीस. मी फ्रीलान्स किंवा शिकवणं, तिने ऑडिटची कामं. बचत शून्य चालेल, पण जमा पैशाला हात लावायचा नाही. तीन वर्षं तो डबा नुसता वाढू द्यायचा. ४८ ला त्यात साधारण २ कोटी १८ लाख होतात, खर्चाच्या ३० पट. मघाच्याच २ टक्क्यांच्या हिशोबाने ते ४५ वर्षं पुरतात, मी ९३ चा होईपर्यंत. ३३ नाही, पण २७ पेक्षा खूप बरं.

यात धोका आहे, तो सांगतो. ४५ व्या वर्षी प्रत्येकी तीस हजारांचं अर्धवेळ काम मिळेलच याची खात्री नाही. म्हणून आम्ही लिहून ठेवलंय की ४४ व्या वर्षी, नोकरीत असतानाच, निदान एकाला तरी असं काम प्रत्यक्ष हातात असलं पाहिजे. नसेल तर तारीख पुढे.

आता पत्राचा पुढचा भाग. हा तिने फारसा खोडला नाही, कारण इथे मी अभ्यास केला होता.

> गुंतवणूक सगळी माझ्या नावावर नको. तुझा पगार तुझ्या नावावर गुंतव, घरखर्च माझ्या पगारातून होऊ दे.

हे ऐकायला रोमँटिक वाटतं, पण त्यामागे कायदा आहे. मी माझ्या पगारातले पैसे बायकोला भेट दिले तर त्यावर कर नाही. पण त्या पैशांवर जे उत्पन्न होतं ते आयकर खातं माझ्याच उत्पन्नात धरतं. याला क्लबिंग म्हणतात. नुसतं नाव बदलून कर वाटला जात नाही. उलट तिने स्वतःच्या पगारातून गुंतवलं तर ते पूर्ण तिचं. शेअर फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. ही सव्वा लाखाची सूट माणशी आहे. रिटायर झाल्यावर दोघांच्या नावावर सारखे फंड असतील तर दर वर्षी अडीच लाखांचा नफा करमुक्त काढता येतो, एकाच्याच नावावर असेल तर सव्वा. पण ही वाटणी आजपासून करावी लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही.

आणि कर सोडा. तिचं म्हणणं असं की संसार दोघांचा आणि फोलिओ एकाचा असेल, तर त्याला सामायिक प्लॅन म्हणू नये. पटलं.

> मी टर्म इन्शुरन्स घेतोय, एमडब्ल्यूपी कायद्याखाली.

हा १८७४ चा, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. पॉलिसी त्याखाली घेतली की विम्याचे पैसे बायको-मुलांसाठी ट्रस्टमध्ये गेल्यासारखे होतात. उद्या माझ्यावर कर्ज असलं तरी सावकार किंवा बँक त्याला हात लावू शकत नाही. फॉर्म भरतानाच ही टिक करावी लागते, नंतर जोडता येत नाही. तिचा शेरा: ‘माझा पगार पण प्लॅनमध्ये आहे ना? मग माझा विमा?’ बरोबर. तिचाही टर्म इन्शुरन्स आला.

> आरोग्य विमा कंपनीचा आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

हे वाक्य मात्र तिने पूर्ण खोडलं. कंपनीचा विमा म्हणजे नोकरीचा विमा. आयडी कार्ड परत दिलं की तो संपला. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नवीन पॉलिसी घ्यायला गेलो, तोवर एखाद्याला शुगर किंवा बीपी निघालेलं असेल, तर कंपनी प्रीमियम वाढवणार, किंवा त्या आजारासाठी थांबायला लावणार, किंवा सरळ नाही म्हणणार. आधीपासून असलेल्या आजाराचा थांबण्याचा काळ नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतो. आज तिशीत, तब्येत चांगली असताना स्वतःची पॉलिसी घेतली तर तो काळ नोकरीत असतानाच निघून जातो. म्हणून दोन्ही चालू ठेवायचे. प्रीमियम फुकट गेल्यासारखा वाटतो, पण आपण विकत घेतो ती पंचेचाळिसाव्या वर्षाची रांगेतली जागा. फॉर्मवर आजार लपवायचे नाहीत. माझा दमा लहानपणी होता, तोही लिहिला.

पैसे कुठे ठेवायचे यावर फार बोलत नाही, त्यावर वेगळा भाग झालाय. एवढंच की पीपीएफचं खातं यावर्षी दोघांनी उघडलं. ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते संपल्यापासून पंधरा वर्षं, म्हणजे मी बरोबर पंचेचाळिशीच्या आसपास असताना ते मोकळं होतं, आणि व्याजावर कर नाही. पीएफ चांगलाच आहे, पण पूर्ण रक्कम कधी काढता येते याचे नियम बदलत असतात, आणि त्यातल्या पेन्शनचा भाग तर पूर्ण मिळायला ५८ वय लागतं. त्यामुळे पहिल्या काही वर्षांचा घरखर्च पीएफवर अवलंबून ठेवायचा नाही.

शेवटची गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. समजा कुणी जानेवारी २००८ मध्ये रिटायर झालं असतं. सेन्सेक्स २१ हजारांवर होता. वर्ष संपायच्या आत तो ८ हजारांच्या आसपास आला. नोकरीत असलेल्याला याचा त्रास नाही, उलट एसआयपीला स्वस्तात युनिट मिळतात. पण ज्याला दर महिन्याला फंड विकून किराणा आणायचाय, त्याला तेवढाच किराणा आणायला अडीच पटीहून जास्त युनिट विकावे लागतात. ते विकलेले युनिट बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. त्यामुळे सरासरी परतावा तोच असूनही, पडझड पहिल्या वर्षी आली की पैसे लवकर संपतात, विसाव्या वर्षी आली तर फरक कमी पडतो. सेन्सेक्स परत २१ हजारांवर बंद झाला तो २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांना. जवळजवळ तीन वर्षं. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये तीन वर्षांचा खर्च, २१ लाख ६० हजार, एफडी आणि लिक्विड फंडात असेल, आणि तो ४५ ला एकदम नाही, ४२ पासून हळूहळू तिकडे सरकवायचा. बाजार पडला की तिथून खायचं, फंडाला हात लावायचा नाही. पुढची पडझड तीन वर्षांतच भरून निघेल असं कुणी लिहून देत नाही, पण काहीच न ठेवण्यापेक्षा हे बरं.

तर पत्राचा शेवट मी असा केला होता:

> तुला पटलं तर खाली सही कर.

सही झालेली नाही. सहीच्या जागी लाल पेनात दोन ओळी आहेत. पहिली: ‘एक वर्ष करून बघू. पुढच्या दिवाळीला शीट उघडायची, खर्च ७१ च्या आत राहिला का आणि दोघांच्या नावावर किती जमले ते बघायचं. मग सहीचं बोलू.’

दुसरी ओळ घराची. तिला स्वतःचं घर हवंय. माझ्या ६० हजारांत भाडं आहे, पण साठाव्या वर्षी घरमालकाने ‘मुलाचं लग्न आहे, खाली करा’ म्हटलं तर आपण बॅगा घेऊन कुठे फिरायचं, असं तिने विचारलंय. ६४ लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे साधारण साडेपंचावन्न हजारांचा हप्ता. आत्ताच्या भाड्यापेक्षा साडेएकतीस हजार जास्त, तेही डाउन पेमेंट सोडून, आणि ४५ ला कर्जाची चार वर्षं बाकीच. शीटमध्ये ते टाकलं की ४८ सुद्धा टिकत नाही. दुसरीकडे, घर झालं तर रिटायरमेंटच्या खर्चातलं भाडं जातं आणि ३३ पटीचा आकडाही खाली येतो. मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं, अजून उत्तर नाही. या रविवारी आम्ही दोघं चिंचवडला तिच्या आईच्या सोसायटीत एक जुना फ्लॅट बघायला जातोय. नुसता बघायला, असं तिने सांगितलंय.